ग्रे कोड आणि बायनरी: एन्कोडरचा आकडा वाचायचा कसा आणि चुकला तर ओळखायचा कसा

अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडरकडून आपली अपेक्षा साधी असते. शाफ्ट आत्ता कुठे आहे ते सांग, आणि वीज जाऊन आली तरी तेच सांग. त्यासाठी आत एक डिस्क असते. तिच्यावर एकात एक गोल ट्रॅक असतात आणि प्रत्येक ट्रॅकवर एक सेन्सर असतो. ट्रॅकचा पारदर्शक भाग समोर आला की एक, अपारदर्शक आला की शून्य. बारा ट्रॅक असतील तर बारा बिट मिळतात आणि एका फेरीच्या ४०९६ पायऱ्या होतात.

हे बिट सरळ बायनरीत का छापत नाहीत, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. छापता येतात, पण मग ७ वरून ८ वर जाताना काय होतं ते पाहा. चार बिटांत ७ म्हणजे `0111` आणि ८ म्हणजे `1000`. चारही बिट बदलतात, आणि डिस्कवर ते चारही बदल अगदी एकाच रेषेवर व्हायला हवेत. प्रत्यक्षात तसं होत नाही. सेन्सर बसवताना थोडा मागेपुढे होतो, छपाईची कड थोडी सरकते, एक सेन्सर दुसऱ्यापेक्षा जरा जास्त प्रकाशावर चालू होतो. सर्वांत मोठ्या बिटाचा सेन्सर किंचित आधी बदलला तर मधल्या क्षणी `1111` वाचलं जातं, म्हणजे १५. किंचित उशिरा बदलला तर `0000`, म्हणजे ०. खरी जागा ७ आणि ८ यांच्या सीमेवर आणि कंट्रोलरला दिसतं १५ किंवा ०.

ही चूक क्षणिक असते असं समजू नका. ट्रॅकची त्रिज्या २० मिलिमीटर धरली तर त्याचा परीघ सुमारे १२५.७ मिलिमीटर, आणि ४०९६ पायऱ्यांत वाटला की एक पायरी जेमतेम ३१ मायक्रॉनची. सेन्सर ३ मायक्रॉननं जरी सरकलेला असला तरी पायरीचा दहावा हिस्सा असा राहतो की जिथे आकडा खोटा येतो. शाफ्ट नेमका तिथेच थांबला तर तो खोटा आकडा हलेपर्यंत तसाच टिकून राहतो. सॉफ्टवेअरमध्ये सरासरी घेऊन हे जात नाही, कारण प्रत्येक वाचन तितकंच खोटं असतं.

ग्रे कोड हा त्यावरचा इलाज. शेजारच्या कुठल्याही दोन आकड्यांत फक्त एकच बिट बदलेल अशी त्याची रचना आहे. सीमेवर सेन्सर सरकलेला असला तरी त्या एका बिटाचं उत्तर एकतर जुनं येईल किंवा नवं. म्हणजे ७ तरी दिसेल किंवा ८ तरी, तिसरं काही नाही. सेन्सर एकमेकांच्या तुलनेत एका पायरीपेक्षा कमी सरकलेले आहेत तोवर बदलांचा क्रम शाबूत राहतो. सीमा थोडी इकडेतिकडे होते, इतकंच. शिवाय एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. ग्रे कोडच्या सर्वांत बारीक ट्रॅकवरच्या पट्ट्या बायनरीतल्या सर्वांत बारीक पट्ट्यांच्या दुप्पट रुंद असतात, कारण तो बिट दर पायरीला न बदलता दर दोन पायऱ्यांनी बदलतो. तीच छपाई, तोच सेन्सर, पण काम सोपं.

बेल लॅब्सच्या फ्रँक ग्रे यांनी १९४७ मध्ये यासाठी पेटंटचा अर्ज केला आणि १९५३ मध्ये ते मिळालं. त्यांच्यासमोर एन्कोडर नव्हता, आवाजाचे बिट बनवणारी नळी होती. पण दुखणं हेच होतं.

कोड तयार कसा होतो

पाठ करायची गरज नाही. एका बिटाचा कोड म्हणजे `0`, `1`. दोन बिटांचा हवा असेल तर ही यादी आधी सरळ लिहा, मग तिच्याखाली आरशात दिसावी तशी उलट्या क्रमानं लिहा. वरच्या अर्ध्याला डावीकडून `0` जोडा आणि खालच्याला `1`. मिळतं `00`, `01`, `11`, `10`. आरसा जिथे ठेवला तिथे दोन्ही बाजूंना तीच ओळ असते, म्हणून तिथे फक्त नवा जोडलेला बिट बदलतो. हेच परत केलं की तीन बिट, परत केलं की चार:

```
 0  0000     8  1100
 1  0001     9  1101
 2  0011    10  1111
 3  0010    11  1110
 4  0110    12  1010
 5  0111    13  1011
 6  0101    14  1001
 7  0100    15  1000
```

७ आणि ८ मध्ये आता फक्त डावीकडचा बिट वेगळा आहे. १५ वरून परत ० वर येतानाही एकच बिट बदलतो. गोल फिरणाऱ्या शाफ्टला हे हवंच असतं, कारण फेरी पूर्ण होते तिथेही एक सीमा असते. ही यादी हाताशी ठेवा, खाली बिघाड शोधताना तीच लागणार आहे.

बायनरीतून ग्रे

नियम एका ओळीचा आहे. डावीकडचा पहिला बिट जसाच्या तसा उतरवायचा. मग प्रत्येक बिट त्याच्या डावीकडच्या बायनरी बिटाशी ताडून पाहायचा: दोन्ही सारखे असतील तर शून्य, वेगळे असतील तर एक. यालाच एक्सॉर म्हणतात. १७८ घेऊ, बायनरीत तो `10110010`. हाच आकडा एक घर उजवीकडे सरकवून खाली लिहिला की ताडून पाहणं आपोआप होतं:

```
बायनरी       1 0 1 1 0 0 1 0
सरकवलेला     0 1 0 1 1 0 0 1
ग्रे         1 1 1 0 1 0 1 1
```

ग्रेमधून बायनरी

एन्कोडर वाचताना खरं काम पडतं ते हे, आणि चूकही इथेच होते. पहिला बिट इथेही जसाच्या तसा. पुढचा ग्रे बिट ताडायचा तो मात्र आत्ताच मिळालेल्या बायनरी बिटाशी, शेजारच्या ग्रे बिटाशी नाही. म्हणून हे काम डावीकडून उजवीकडे एकेक करूनच होतं. `11101011` उलगडून पाहू:

```
ग्रे       1  1  1  0  1  0  1  1
बायनरी     1  0  1  1  0  0  1  0
```

पहिला `1` खाली आला. दुसरा ग्रे बिट `1`, हातातला बायनरी `1`, दोन्ही सारखे, म्हणून `0`. तिसरा ग्रे `1`, हातात `0`, वेगळे, म्हणून `1`. चौथा `0`, हातात `1`, म्हणून `1`. पाचवा `1`, हातात `1`, म्हणून `0`. सहावा `0`, हातात `0`, म्हणून `0`. सातवा `1`, हातात `0`, म्हणून `1`. आठवा `1`, हातात `1`, म्हणून `0`. परत `10110010`, म्हणजे १७८.

हातानं केलेलं उत्तर तपासायला एक युक्ती आहे. ग्रे कोडमधले एक मोजा. त्यांची संख्या सम असेल तर मूळ आकडा सम, विषम असेल तर विषम. वरच्या ग्रेमध्ये सहा एक आहेत आणि १७८ सम आहे. पूर्ण खात्री यातून होत नाही, पण ग्रे बिट ग्रे बिटाशीच ताडण्याची नेहमीची चूक बऱ्याच वेळा पकडली जाते.

प्रोग्रॅममध्ये हे असं दिसतं:

```c
uint16_t bin_to_gray(uint16_t b) {
    return b ^ (b >> 1);
}

uint16_t gray_to_bin(uint16_t g) {
    g ^= g >> 8;
    g ^= g >> 4;
    g ^= g >> 2;
    g ^= g >> 1;
    return g;
}
```

दुसऱ्या फंक्शनमध्ये एकेक बिट चालत जाण्याऐवजी सरकवण्याचं अंतर निम्मं निम्मं करत आणलं आहे. शेवटी प्रत्येक बिटात त्याच्या डावीकडच्या सगळ्या ग्रे बिटांचं एक्सॉर जमा होतं, म्हणून उत्तर तेच. ३२ बिटांसाठी `uint16_t` च्या जागी `uint32_t` लिहायचं आणि सुरुवातीला `g ^= g >> 16;` ही एक ओळ वाढवायची.

वापरण्याआधी एक खबरदारी घ्यायची. बारा बिटांचा एन्कोडर सोळा बिटांच्या पोर्टवर वाचत असाल तर वरच्या चार पिनांवर काहीही असू शकतं. साध्या बायनरीत नको असलेले वरचे बिट नंतर कापले तरी चालतं, ग्रेमध्ये नाही. वरचा एक बिट जरी चुकून `1` आला तरी उलगडताना त्याच्या उजवीकडचे सगळेच बिट उलटतात आणि शाफ्ट पुढे फिरवला की आकडा मागे जातो. म्हणून `g & 0x0FFF` आधी, रूपांतर मग.

बिघाड आकड्यांवरून ओळखणं

एन्कोडर जोडला, शाफ्ट हातानं हळूहळू फिरवला, आणि पडद्यावर आकडे सरळ वाढत नाहीत. अशा वेळी लोक आधी एन्कोडर बदलतात. त्याआधी आकड्यांची रांग लिहून काढा, कारण ग्रे कोडमध्ये प्रत्येक बिघाडाची रांग वेगळी असते. मी इथे चार बिटच घेतो. बिट कितीही असले तरी धाटणी तीच राहते.

पहिली शक्यता वायर तुटल्याची. डावीकडून दुसऱ्या बिटाची वायर सुटली आणि तो कायम शून्य वाचला जातोय असं समजा. यादीत ४ हा `0110` आहे. दुसरा बिट गेला की `0010` उरतो, म्हणजे ३. ५ चा `0111` होतो `0011`, म्हणजे २. असं सगळं उलगडलं की शाफ्ट ० ते १५ फिरताना पडद्यावर हे दिसतं:

```
0 1 2 3 3 2 1 0 15 14 13 12 12 13 14 15
```

आकडा वर चढतो, एकदा तोच आकडा दोनदा येतो, मग उलटा उतरतो. मध्ये एक मोठी उडी, पुन्हा उतरण, मग पुन्हा चढण. आकडा जिथे दोनदा येतो तिथेच मेलेला बिट बदलायला हवा होता. इथे तो ३ आणि ४ यांच्या, तसंच ११ आणि १२ यांच्या सीमेवर. यादीत त्या जागी कोणता बिट बदलतो ते पाहिलं की कोणती वायर तपासायची ते कळतं. सर्वांत डावीकडचा बिट गेला असेल तर अर्धी फेरी ० ते ७ चढ आणि उरलेली अर्धी ७ ते ० उतार. सर्वांत उजवीकडचा गेला असेल तर `0 0 3 3 4 4 7 7 8 8 11 11`, म्हणजे प्रत्येक आकडा दोनदा आणि मध्ये कधी तीनची तर कधी एकची उडी.

दुसरी शक्यता रूपांतराची. हिच्यात दोन प्रकार आहेत आणि दोन्ही एकमेकांसारखे दिसतात. एन्कोडर ग्रे देतोय आणि आपण रूपांतर करायचं विसरलो तर पडद्यावर येतं:

```
0 1 3 2 6 7 5 4 12
```

उलट एन्कोडर आधीच बायनरी देतोय आणि आपण त्याला ग्रे समजून उलगडतोय, तर येतं:

```
0 1 3 2 7 6 4 5 15
```

पहिले चार आकडे हुबेहूब सारखे. फरक पाचव्या आकड्यावर पडतो: ६ आला तर रूपांतर राहिलंय, ७ आला तर नको असताना केलंय. बऱ्याच एन्कोडरमध्ये ग्रे की बायनरी हे सेटिंगनं बदलता येतं आणि ते सेटिंग कुणी कधी बदललं याची नोंद सहसा नसते, त्यामुळे हा पाचवा आकडा लक्षात ठेवलेला बरा.

केबलच्या वायर उलट्या क्रमानं जोडल्या गेल्या असतील तर ओळखायला एकच पायरी पुरते. ० वरून पहिल्याच पायरीला आकडा थेट १५ वर जातो, कारण `0001` आता `1000` म्हणून पोहोचतो.

ग्रे कोड काय करत नाही

ग्रे कोड गोंगाटापासून वाचवतो असा समज बराच पसरलेला आहे. तो खरा नाही. ५ चा ग्रे `0111`. केबलमध्ये मोटरचा गोंगाट शिरून पहिला बिट उलटला तर `1111`, म्हणजे थेट १०. ग्रे कोडची हमी फक्त शेजारच्या पायरीवर जातानाची आहे, आणि तीही जो बिट बदलायचा आहे त्याच्याबद्दलच. भलताच बिट उलटला तर चूक हवी तेवढी मोठी होऊ शकते, आणि सगळ्या सोळा जोड्या वैध असल्यामुळे चूक झाली हे कोडवरून कळतही नाही. त्यासाठी शील्ड असलेली केबल किंवा पॅरिटी, सीआरसी यांसारखे चूक पकडणारे जादा बिट असं वेगळं काहीतरी लागतं.

दुसरी मर्यादा वेगाची आहे, आणि पीएलसीच्या, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या औद्योगिक कंट्रोलरच्या, इनपुटना एकेक वायर जोडणाऱ्यांना ती हमखास गाठते. शाफ्ट ० वरून १ आणि लगेच २ वर गेला असं धरा, कोड `000`, `001`, `011`. उजवीकडच्या बिटाचं इनपुट सुस्त आहे आणि त्याच्यावर अजून जुना `0` दिसतोय, मधल्या बिटाचं इनपुट तेज आहे आणि त्यानं नवा `1` दाखवला. वाचलं गेलं `010`, म्हणजे ३. शाफ्ट तिथे पोहोचलाच नव्हता. एका वाचनाच्या आत दोन पायऱ्या ओलांडल्या की ग्रे कोडची हमी संपली.

किती वेगाला हे होतं? समजा दोन इनपुटच्या फिल्टरमध्ये १ मिलिसेकंदाचा फरक आहे. मग प्रत्येक पायरीला किमान तेवढा वेळ मिळायला हवा, म्हणजे सेकंदाला १००० पायऱ्या. बारा बिटांच्या डिस्कवर हा वेग मिनिटाला १५ फेऱ्यांपेक्षाही कमी भरतो. म्हणून वेगानं फिरणाऱ्या शाफ्टवर सगळे बिट एकाच क्षणी धरून ठेवणारी सोय लागते. समांतर आउटपुटच्या एन्कोडरवर लॅचची वायर असेल तर ती वापरा. एसएसआय या सिरियल जोडणीच्या एन्कोडरमध्ये क्लॉकच्या पहिल्या कडेलाच आकडा गोठवला जातो आणि मग तो एकेक बिट करून बाहेर येतो, त्यामुळे ही अडचण तिथे येत नाही.

हेच हार्डवेअरमध्ये रूपांतर करणाऱ्यांनाही लागू आहे. एक्सॉर गेटची साखळी लावली की ग्रेचा एक बिट बदलताच बायनरीचे अनेक बिट एकामागोमाग बदलतात आणि मधल्या काही नॅनोसेकंदांत तोच जुना गोंधळ परत येतो. म्हणून ग्रे आधी रजिस्टरमध्ये धरायचा, मग उलगडायचा, आणि उलगडलेला आकडा पुढच्या क्लॉकला उचलायचा.

३६० पायऱ्या हव्या असतील तर

आतापर्यंत पायऱ्यांची संख्या दोनाचा घात होती. पण अंशांत मोजायचं असेल तर फेरीच्या ३६० पायऱ्या हव्यात. नऊ बिटांत ५१२ कोड मिळतात. त्यातले ० ते ३५९ वापरले आणि बाकीचे सोडले तर कसं?

३५९ चा ग्रे `111010100` आणि ० चा `000000000`. फेरी पूर्ण होताना एकदम पाच बिट बदलतील. ज्या आजारासाठी ग्रे कोड आणला तोच आजार नेमका शून्य अंशावर परत.

यावर तोडगा असा की कोड सुरुवातीपासून न वापरता मधले वापरायचे. ५१२ मधून ३६० गेले की १५२ उरतात. त्यातले निम्मे, म्हणजे ७६, खालून सोडायचे आणि ७६ वरून. ० अंशाला ७६ चा ग्रे, ३५९ अंशांना ४३५ चा ग्रे:

```
 76   001101010
435   101101010
```

फरक फक्त पहिल्या बिटाचा. कारण आरशातच आहे: नऊ बिटांच्या यादीत आरशाची रेषा २५५ आणि २५६ यांच्या मध्ये येते, तिच्यापासून ७६ आणि ४३५ सारख्याच अंतरावर आहेत, आणि आरशातल्या जोडीत डावीकडचा बिट सोडला तर बाकी सगळं तेच असतं. पायऱ्यांची संख्या सम असेल तर हे नेहमी जमतं. १००० पायऱ्यांसाठी दहा बिट आणि १२ चा फरक, ७२० साठी दहा बिट आणि १५२ चा. विषम संख्येला एक बिट बदलत पूर्ण फेरी मारता येतच नाही, कारण दर पायरीला एकांची संख्या सम-विषम होत राहते आणि विषम पायऱ्यांनंतर ती सुरुवातीशी जुळत नाही.

वाचताना मग फक्त वजाबाकी वाढते:

```c
int16_t deg = (int16_t)gray_to_bin(g & 0x1FF) - 76;
if (deg < 0 || deg > 359) fault = 1;
```

इथे एक गोष्ट फुकट मिळते. १५२ कोड कधीच यायला नकोत, त्यामुळे त्यातला एखादा आला तर वाचनात काहीतरी बिघडलं हे नक्की, मग ती वायर असो, सेन्सर असो की गोंगाट. सगळ्याच चुका यात सापडत नाहीत, पण पूर्ण ५१२ वापरणाऱ्या डिस्कवर एकही सापडत नाही.

आणि एन्कोडर उलट्या बाजूनं बसवावा लागला, आकडे वाढायच्या ऐवजी कमी होऊ लागले, तर ग्रेचा फक्त डावीकडचा बिट उलटवा. ३६० च्या डिस्कवर त्यासाठी ७६ ला हात लावावा लागत नाही: ज्या जागी आधी ० यायचं तिथे ३५९ येतं, ३५९ च्या जागी ०, आणि मधलं सगळं आपोआप उलट्या क्रमानं लागतं.